मदत हवी आहे: डिलिव्हरीच्या कामात ताशी खरे किती सुटतात?

मनीषा_वारजे
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ दीड वर्षापासून पुण्यात कोथरूड-वारजे भागात जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. आता त्याला चाकणला एका गोदामात नोकरी मिळतेय. १६,००० हातात, ९ तास ड्युटी, रविवारी सुट्टी, पीएफ वेगळा. तो म्हणतो, "ताई, मला ताशी १६५ पडतात, तिथे सत्तरही नाहीत." ॲपमध्ये खरंच तसं दिसतं. पण महिनाअखेरीला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि पोरगा उधळ्या नाही.

एका साधारण आठवड्याचे आकडे देते. जमा ६,३००, त्यातले १,२०० टार्गेटचा इन्सेंटिव्ह. ॲपच्या मते काम ३८ तास. पण तो सहा दिवस रोज दहा तास लॉगिन असतो. गाडी ११० सीसी स्कूटर, नवी घेतली तेव्हा ऑनरोड ९५,०००, हप्ता चालू आहे. मीटरवर आठवड्याला ७२० किमी पडतात, ॲपमध्ये ४३० दिसतात. पेट्रोल आणि गाडीची झीज कशी धरायची, कंपनी किती कापते, आणि भागायचं ३८ ने की ६० ने?

सह्याद्री७७
आधी कंपनीचे २५ टक्के काढा. ६,३०० चे पावणेपाच हजारच राहतात. मग पेट्रोल. बाकी काही बघायची गरजच नाही, घाटा आहे.

मिसळवाला
अहो, ते टक्के आमच्या बिलातून जातात, पोरांच्या नाही! मी नाशिकला छोटं हॉटेल चालवतो, कमिशन आणि वर जाहिरातीचे पैसे देऊन कंबर मोडलीय. आणि पोरं दारात उभी राहिली की शिव्या आम्हालाच. शनिवारी रात्री टेबलं भरलेली असतात, किचन आधी कुणाचं करणार? खरं सांगायचं तर बरेच जण 'ऑर्डर तयार' हे बटण पदार्थ कढईत असतानाच दाबतात, नाहीतर आमचं रेटिंग पडतं.

जुना_रायडर
मिसळवाले, धागा हॉटेलच्या कमिशनचा नाही, पण कामाचं बोललात. त्या बटणामुळेच पोरगा पंधरा मिनिटं दारात ताटकळतो.

मनीषाताई, मी चार वर्षं हे काम केलंय, आता सोडलं. सह्याद्री म्हणतात ते बाइक टॅक्सीला बऱ्याच ठिकाणी लागू पडतं, तिथे भाड्यातून कमिशन किंवा रोजची फी जाते. जेवणाच्या कामात भावाच्या खात्यात पडतं ते कंपनीने आपला वाटा ठेवून दिलेलंच असतं, त्यातून पुन्हा २५ टक्के काढू नका. त्याच्या हिश्शातून जातो तो १ टक्का टीडीएस, म्हणजे साधारण ६३ रुपये (रिटर्न भरलं तर परत मिळू शकतात, पोरं भरत नाहीत), आणि कधी बॅग-टीशर्टचे हप्ते.

आता पेट्रोल. ते मीटरच्या किलोमीटरवर धरायचं, ॲपच्या नाही. हॉटेलपर्यंत जाणं आणि बावधनच्या पलीकडे पार्सल टाकून रिकामं परत येणं ॲपमध्ये पुरतं धरलंच जात नाही. तुमचे २९० किमी तिथे गेले. सिग्नल, चढ आणि सतत थांबणं-निघणं यात ११० ची स्कूटर ४२ च्या आसपास देते. म्हणजे १७ लिटर. लिटरला १०४ धरले तर १,७८० रुपये.

झीज दोन भागांत धरा. ऑइल, टायर, ब्रेक, बेल्ट यांचे किलोमीटरला मी ७५ पैसे धरायचो. दुसरा भाग कुणी धरत नाही, तो म्हणजे गाडीची उतरलेली किंमत. ९५,००० ची गाडी ५५,००० किमीला विकायला गेलात आणि ४०,००० आले, तर किलोमीटरला रुपया गेला. दोन्ही मिळून पावणेदोन रुपये, आठवड्याचे १,२६०. किंमत अशी धरलीत तर हप्ता पुन्हा वजा करू नका, त्यातलं फक्त व्याज धरा. नाहीतर एकच गाडी दोनदा मोजाल.

६,३०० मधून १,७८०, १,२६०, टीडीएस आणि डेटा-रिचार्जचे ७० काढले की साधारण ३,१३० राहतात. आता भागायचं ६० नेच, कारण त्या २२ तासांत तो घरी झोपलेला नसतो, चौकात फोनकडे बघत बसलेला असतो. ताशी ५२ रुपये. व्याज अजून काढलेलं नाही.

गॅरेज_अप्पा
७५ पैसे कमी पडतील, जुना_रायडर. माझ्याकडे डिलिव्हरीच्या रोज तीन-चार गाड्या येतात. ऑइल वेळेवर बदलणारे थोडेच. मागचा ब्रेक शू आणि टायर साध्या गाडीच्या कितीतरी आधी जातो, कारण वर वजनाची बॅग आणि दर दोन मिनिटांनी ब्रेक. बेल्ट तुटेपर्यंत चालवतात, मग तो तुटताना आतला माल घेऊन जातो, आणि गाडी गॅरेजमध्ये असते त्या दिवसाची कमाईही बुडते. दीड वर्षाच्या गाडीला मी रुपयाच धरेन. ताई, मायलेज एकदा नीट मोजा. टाकी ओठोओठ भरा, आठवडा चालवा, पुन्हा तितकीच भरा आणि किती लिटर बसलं ते बघा. ४२ च्या जागी ३६ आलं तर गाडी दाखवायला आणा.

अभी_एमकॉम
मी कॉलेज करून फक्त रात्री ७ ते ११ करतो, ताशी ८० च्या पुढे आरामात सुटतात. एकामागे एक ऑर्डर येते, उभं राहावंच लागत नाही. भावाला सांगा, दुपारी ३ ते ६ घरी जा.

जुना_रायडर
अभी, तुला घरून डबा आहे आणि गाडी वडिलांची आहे, तेव्हा तुझा ८० चा आकडा जरा जपून. तरी दुपारचं बरोबर आहे, पण एक अडचण आहे. इन्सेंटिव्हला लॉगिनचे तास आणि ऑर्डरींचा आकडा दोन्ही लागतात, आणि दुपार सोडली की टार्गेट हुकतं. ते १,२०० जमा रकमेच्या पाचव्या भागाएवढे दिसतात, पण खर्च काढल्यावर उरलेल्या ३,१३० मधले तेच १,२०० आहेत. ते गेले तर १,९३० ला ६० तास, म्हणजे ताशी ३२. दोन ऑर्डरी कमी पडल्या म्हणून आठवडा असा गेलेला मी पाहिलाय. म्हणून त्याला विचारा, गेल्या दोन महिन्यांत किती आठवडे टार्गेट पूर्ण झालं. सरासरी तिथेच ठरते.

मनीषा_वारजे
सगळ्यांचे आभार. विचारलं, साधारण निम्म्या आठवड्यांत होतं म्हणे. म्हणजे ५२ आणि ३२ च्या मध्ये, आणि अप्पांचा रुपया धरला तर त्याहूनही खाली. चाकणचे १६,००० भागिले २३४ तास म्हणजे ६८. पण वारज्याहून चाकणला जायचे रोजचे तीन तास धरले तर तेही ५१ वर येतात, आणि कंपनीची बस आहे की नाही ते अजून कळलेलं नाही. इलेक्ट्रिक गाडी भाड्याने घेऊ का, असंही तो विचारतोय. आठवड्याला १,६०० सांगितलेत, बॅटरी बदलण्यासकट.

जुना_रायडर
पेट्रोल आणि झीज मिळून तीन हजारांच्या वर जातात, त्याच्यापुढे १,६०० बरेच आहेत. पण त्यात ताशी २५ किमीची गाडी देतात का ते आधी विचारा. तिला लायसन्स लागत नाही, पण पौड रोडच्या चढावर आणि लांबच्या ऑर्डरींना मार खाते. बॅटरी बदलायचं ठिकाण झोनमध्ये नसेल तर तिथलं जाणं-येणं पुन्हा फुकट. आणि आपली स्कूटर दारात उभी ठेवून भाडं भरायचं असेल तर हप्ता दोन्हीकडे सुरू.

सह्याद्री७७
विम्याचा विषय कुणी काढला नाही! पांढऱ्या पाटीच्या गाडीच्या पॉलिसीत भाड्याने माल नेणं बसत नाही, अपघात झाला तर क्लेम अडतो.

गॅरेज_अप्पा
पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं खरं. माझ्या एका गिऱ्हाईकाला मिळाला, दुसऱ्याचा नाकारला. ताई, भावाच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेचा परिच्छेद आहे, तो इथे टंकून टाका, मग बघू.