मदत हवी आहे: महाभारत मालिकेवर प्रश्न काढायलोय, एकाच प्रश्नाची दोन-दोन उत्तरं निघायलेत

गल्लीतला_सूत्रधार
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव, गल्लीच्या गणपतीत दरवर्षी प्रश्नमंजुषा असते आणि दोन वर्षांपासून प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय बी. आर. चोप्रांची महाभारत मालिका, कारण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डीडी भारतीवर परत लागली तेव्हा पोरासोरांनी पण बघितली, त्यामुळे आजी अन् नातू एकाच टीममध्ये बसतात. मागच्या वर्षी फायनलला मी हा प्रश्न टाकला:

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा कोण हसले?
अ) द्रौपदी ब) भीम क) अर्जुन ड) शकुनी

माझं उत्तर द्रौपदी. एका टीमनं भीम सांगितलं, मी चूक दिलं, तर त्यांच्यातले रिटायर गुरुजी घरी जाऊन महाभारताचं जाड पुस्तक घेऊन आले आणि सभापर्वातलं पान उघडून माझ्यासमोर धरलं, भीम हसला असं सरळ छापलेलं. आरती तासभर लेट झाली. यंदा असे ३० प्रश्न काढायचेत, एकच उत्तर निघंल असे प्रश्न कसे लिहायचे कुणी सांगंल का?

खाकीवेडा_लातूर
दादा मालिकेचं टेन्शन घेऊ नका, निदान पाच पदं द्या. २, ४, ८, ? एवढंच दिलं तर १६ पण येतं (दुप्पट) आणि १४ पण येतं (फरक २, ४, ६). आमच्या टेस्ट सिरीजमध्ये दोन्ही ऑप्शनला होते, पोरं भांडली. १४ काढून टाका, प्रश्न सुटला.

गल्लीतला_सूत्रधार
भाऊ संख्यामालिका नाही, टीव्हीवरची मालिका 😄

खाकीवेडा_लातूर
अरे देवा. सॉरी. पण तुमचा भीम म्हणजे माझा १४ च की.

रिमोट_माझ्याकडं
एवढं काय त्यात, सुरुवातीला "मालिकेनुसार" लिहून टाका, विषय खल्लास. गुरुजींनी पुस्तक आणलं तरी चालणार नाही.

सेलूची_मावशी
@रिमोट, अर्धंच बरोबर आहे तुमचं. कोणत्या मालिकेनुसार? २०१३ ला स्टार प्लसवर पण महाभारत लागलं होतं, आमच्या भाच्याला कृष्ण म्हटलं की सौरभ राज जैन आठवतो, नितीश भारद्वाज त्याला माहितच नाही. म्हणून "चोप्रांची १९८८ ते १९९० ची मालिका" असं प्रत्येक प्रश्नात यायला पाहिजे, नुसतं पहिल्या पानावर लिहून भागत नाही, कारण प्रश्न वाचून दाखवताना पहिलं पान कोण वाचतं.

आणि सूत्रधार दादा, तुमचा खरा घोटाळा "हसले" या शब्दात आहे. हसायला एका वेळी दहा जण हसू शकतात. गुरुजींचं पुस्तकच घ्या. तिथं प्रसंग घडतो तेव्हा भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदीचं नाव तिथं येत नाही. पण पुढं दुर्योधन हस्तिनापुरात जाऊन बापाजवळ रडगाणं गातो तेव्हा म्हणतो की द्रौपदी बायकांसकट मला हसली. म्हणजे "व्यासांच्या महाभारतानुसार" लिहिलं तरी प्रश्न पक्का होत नाही, निवेदकाचं ऐकायचं का दुर्योधनाचं ही भानगड उरतेच. म्हणून असं काम विचारायचं जे एकानंच केलंय. मालिकेत "अंधे का पुत्र अंधा" हे वाक्य आहे, ते एकाच पात्राच्या तोंडी आहे. त्यावर प्रश्न करा.

गल्लीतला_सूत्रधार
मावशी भारी. मग असं?

चोप्रांच्या १९८८-९० च्या मालिकेत मयसभेच्या प्रसंगी "अंधे का पुत्र अंधा" असं कोण म्हणाली?
अ) भीम ब) अर्जुन क) शकुनी ड) द्रौपदी

सेलूची_मावशी
"म्हणाली" 🙈 चौघांत बाई एकच. ज्यानं मालिकेचा एक भाग बघितला नाही तो पण बरोबर सांगंल. मराठीत हा धोका फार, क्रियापदच उत्तर फोडतं. "हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे?" असं लिहा. आणि शकुनीला काढून नकुल घाला, पांडवांच्या घरात शकुनी कशाला मस्करी करंल, तो पर्याय कुणीच निवडणार नाही. भीमाला मात्र ठेवा. मागच्या वर्षी तो बरोबर पण ठरत होता म्हणून भांडण झालं, आता तो चुकीचाच आहे पण पुस्तक वाचलेल्या माणसाला खरा वाटतो. खाकीवेड्यासारखं १४ काढून टाकलं असतं तर हा चांगला चकवा गेला असता.

खाकीवेडा_लातूर
ताई पण आमच्याकडं प्रश्नात नियम लिहिता येत नाही ना, नियम ओळखणं हाच तर प्रश्न. आम्हाला १४ काढावाच लागतो.

सेलूची_मावशी
ते खरंय, तुमचं वेगळं.

कळंबचा_काळू
मी तर चौथा पर्याय कायम "यापैकी नाही" ठेवतो. भांडणच होत नाही.

सेलूची_मावशी
काळू भाऊ, उलट वाढतं. तो पर्याय चूक ठरवायला आधीच्या तिघांपैकी एक शंभर टक्के बरोबर असावा लागतो. जरा कुठं फट राहिली की "यापैकी नाही" वाला उभा राहतोय.

रिमोट_माझ्याकडं
बरं मग कलाकारांवर विचारा, त्यात कसला वाद. अर्जुनाचं काम कोणी केलं? फिरोज खान. संपलं.

गल्लीतला_सूत्रधार
तो टाकून बघितला होता हो. एक काका म्हणले फिरोज खान म्हणजे कुर्बानीवाला, त्यानं कधी केलं महाभारत? तो वेगळा, हा वेगळा. वर या फिरोज खाननं पुढं पडद्यावर "अर्जुन" हेच नाव लावलं, म्हणजे पर्यायात "अर्जुन" आणि "फिरोज खान" दोन्ही आले तर दोन्ही बरोबर. दिग्दर्शकाचं पण तेच, बी. आर. चोप्रा आणि रवी चोप्रा दोघांचं नाव आहे.

सेलूची_मावशी
काळाचा आवाज कोणाचा विचारा, हरीश भिमाणी, तिथं दुसरं नाव निघत नाही. संवाद कोणी लिहिले, राही मासूम रझा, हा पण चालंल. कितव्या भागात काय झालं हे मात्र विचारू नका, कुणाला कुठं कापलेला भाग बघायला मिळाला सांगता येत नाही.

आणि मी करते ते सांगते. प्रश्न झाला की उत्तर झाकायचं आणि तिन्ही चुकीच्या पर्यायांची वकिली करायची, जणू हरलेल्या टीमचे तुम्हीच गुरुजी. मग प्रत्येकासमोर एका ओळीत "हा का नाही" लिहायचं. "भीम: प्रसंगात आहे, पण वाक्य त्याचं नाही." ही ओळ लिहिताना "तसं बघितलं तर" किंवा "सहसा" असा शब्द आला की प्रश्न कच्चा समजायचा. मग दोन माणसांना द्यायचा, एक ज्यानं मालिका पाठ केलीय आणि एक ज्यानं बघितलीच नाही. पहिला अडखळला तर उत्तरात गडबड आहे, दुसऱ्याला बरोबर आलं तर पर्यायात.

कळंबचा_काळू
एवढं ३० प्रश्नांना करायचं म्हणजे गणपती जाऊन दसरा येईल. शेवटी "परीक्षकांचा निर्णय अंतिम" लिहा की.

सेलूची_मावशी
लिहा. गुरुजी पुस्तक घेऊन येतीलच.

गल्लीतला_सूत्रधार
काल रात्री ११ प्रश्नांची वकिली करून बघितली, ४ पडले. एका ठिकाणी अजून अडकलोय. "कुंतीला किती पुत्र?" पर्याय ३, ४, ५, ६. मी ४ धरलं होतं, कर्ण, धर्म, भीम, अर्जुन. तीनवाला म्हणंल कर्ण नदीत सोडला, लोकांसमोर तीनच होते, म्हणून "कुंतीच्या पोटी जन्मलेले" असं केलं आणि तीनवाला गप बसला. मग आज्जीला वाचून दाखवलं तर ती पाचवर अडून बसलीय, म्हणते माद्री सती गेल्यावर नकुल-सहदेवाला वाढवलं कुणी, पोटी म्हणजे काय नुसतं बाळंतपण असतं का. आजी आमच्याच टीममध्ये आहे. ठेवू का काढू?