मदत हवी: बँकेने कामाच्या पैशाला घरखर्चाचा कोड लावलाय

निपाणीचा_वेबवाला:
नमस्कार. निपाणीत बसून वेबसाइट्स करतो. जर्मनीतल्या एका माणसाने १२०० डॉलर पाठवले, खात्यात ९७,०५७ रुपये आले. त्या दिवशी बाजारात डॉलर ८४ होता, म्हणजे लाखाच्या वर यायला हवे होते. शिवाय कागदावर पर्पज कोड `P1301` आहे, म्हणजे नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेले पैसे! शाखेत विचारलं तर "आमची फॉरेक्सची शाखा नाही, बेळगावला जावा." परदेशातून पैसे आल्याचा दाखला, म्हणजे एफआयआरसी, कशी मिळवू?

कॅम्पातला:
कोडने काही होत नाही. पैसे आले ना, झालं. एफआयआरसी मात्र घ्याच, त्याशिवाय रिटर्न भरता येत नाही.

खानापूरची_ताई:
माझ्या भाच्याचेही दुबईहून पैसे येतात, त्याला कधी कोणी कागद मागितला नाही. तुम्ही एनआरई खातं का उघडत नाही?

निपाणीचा_वेबवाला:
ताई, मी इथेच राहतो, एनआरई खातं मला मिळणार नाही.

टिळकवाडी_हिशेबनीस:
कॅम्पातले, रिटर्न त्याशिवायही भरता येतं. पण जीएसटीत निर्यात दाखवायची किंवा परतावा मागायचा तर परकीय चलन आल्याचा पुरावा लागतो, आणि त्यावर घरखर्च लिहिलेलं असेल तर अधिकारी विचारणारच.

वेबवाले, आता बँका अशा रकमेला जुनी एफआयआरसी सहसा देत नाहीत, रेमिटन्स ॲडव्हाइस देतात. तीच मागा. सोबत इनव्हॉइस आणि स्विफ्ट संदर्भ क्रमांक जोडून अर्ज द्या : कोड चुकलाय, `P0802` करा. आपल्याच शाखेत द्या, पोच घ्या. फाइल बेळगावला पाठवणं त्यांचं काम.

आता पैसे कुठे गेले. मधल्या बँकेने २० डॉलर कापून ११८० पोचवले असतील. ८४ ऐवजी ८२.६० भाव दिला असेल, तर ९७,४६८ होतात. त्यातून चलन बदलण्यावरचा जीएसटी १७५ आणि बँकेचं शुल्क करासकट २३६ गेलं की बरोबर तुमचा आकडा. म्हणजे कापलेल्या ३,७४३ पैकी कागदावर दिसतात फक्त ४११. भावातला फरक शुल्क म्हणून कुठेच लिहिलेला नसतो. तो गेला तो गेला. पुढच्या वेळी पैसे बदलण्याआधीच फॉरेक्स डेस्कला फोन करून भाव ठरवा, आणि गिऱ्हाइकाला पाठवताना `OUR` निवडायला सांगा. मग मधल्या बँकेचा खर्च सहसा त्याच्याकडे जातो.

निपाणीचा_वेबवाला:
अर्ज देऊन आलो. पोच मागितली तर साहेब म्हणाले उद्या या. आणि एक, वेबसाइटला `P0802` की `P0807`? बँकेच्या यादीत दोन्ही सॉफ्टवेअरचेच दिसतात.

टिळकवाडी_हिशेबनीस:
मी `P0802` लावतो. `P0807` लिहिलं तर काही शाखा सॉफ्टवेअर निर्यातीचा सॉफ्टेक्स फॉर्म मागतात. तुमची मागेल का, ते तिथेच विचारा.

कॅम्पातला:
आणि उद्या गेलात की पोचेवर शिक्का बघून घ्या. माझ्या पोचेवर नुसती सही होती, ती चालली नाही.