सरकारी की खासगी: आधी रात्रीचं विचारा

"बायकोला आठवा महिना आहे. विमा नाही, शेतमजुरीवर घर चालतं. सरकारीत न्यावं की उसनं काढून खासगीत?"

भाऊ, उसनं काढायच्या आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एकच विचारा: रात्री दोन वाजता सिझर करावं लागलं तर भूलतज्ज्ञ आणि रक्त इथं मिळेल का? खरी अडचण तिथं असते. डॉक्टर असतात, पण भूल द्यायला कोणी नसलं की ऐन कळांत जिल्ह्याला पाठवतात, आणि घाबरलेला माणूस वाटेतल्या खासगीत शिरतो.

आमच्या वहिनीचं आधीचं बाळंतपण सिझरचं, त्यात हिमोग्लोबिन 8. खासगीत 40 हजार सांगितले, रक्ताचे वेगळे. आशाताईंनी आठव्या महिन्यातच जिल्हा स्त्री रुग्णालयात नाव नोंदवलं. शिरेतून लोहाची इंजेक्शनं झाली, सिकलसेलची तपासणीही. (आपल्या भागात ती चुकवू नका.) तारखेच्या आठवडाभर आधी भरती केलं. सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून तो हक्कच आहे. घरी सोडायला 102 ची गाडीही मिळाली. गर्दी मात्र फार, आणि सोबतच्या बाईला जमिनीवर झोपावं लागलं.

आधी सिझर झालेलं नसेल, रक्त 11 च्या वर असेल, बीपी ठीक आणि बाळ डोक्याकडून असेल तर ग्रामीण रुग्णालयही चालेल. अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मात्र कळांची वाट न पाहता 108 लावा.