मदत हवी आहे: ५०० लिहावे की ५१३? जिगसॉ कोड्याच्या विक्री-माहितीत तुकडे, वय आणि वेळ कसे नोंदवावे?

मालवणी_कोडी:
नमस्कार. मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या चित्राचे पुठ्ठ्याचे जिगसॉ कोडे आम्ही ऑनलाइन विक्रीस ठेवत आहोत. छापखान्याकडे जो डाय आहे, त्यात आडवे २७ आणि उभे १९ तुकडे पडतात, म्हणजे एकूण ५१३. खोक्यावर मात्र ‘५०० तुकडे’ असे छापून झाले आहे. माहितीचा मसुदा असा आहे: खेळाडू १ ते ४, वय ८ वर्षांपुढे, वेळ २ तास, खोक्यात तुकड्यांची पिशवी, संदर्भचित्र आणि ओलावा शोषणारी पुडी. तुकड्यांचा आकडा कोणता द्यावा, आणि पावसाळ्यात ‘एक तुकडा कमी आहे’ अशी तक्रार आल्यास आमच्याकडून संच पूर्ण गेला होता हे कसे पडताळावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

डायवाला_रत्नागिरी:
५१३ हाच आकडा लिहा. ५०० म्हणून विकली जाणारी कित्येक कोडी २७ × १९ चीच असतात आणि १००० ची अनेक कोडी ३८ × २७ म्हणजे १०२६ तुकड्यांची असतात, कारण तुकडे चौकोनाच्या जवळ राहावेत यासाठी आडव्या-उभ्या ओळी चित्राच्या प्रमाणात बसवाव्या लागतात. तरीही ग्राहक मोजायला बसला, तर त्याला माहितीतला आकडाच मिळाला पाहिजे. सोबत कडेचे ८८ आणि आतले ४२५ असेही लिहा. कडेचे तुकडे सगळे आधी वेगळे काढतात, त्यामुळे तुकडा हरवला असेल तर तो कडेचा की आतला, हे ग्राहकाला सुरुवातीलाच कळते.

गणित_शिक्षिका:
पडताळणी सोपी आहे. पूर्ण संचाचे वजन २०० ग्रॅम असेल तर एक तुकडा साधारण ०.४ ग्रॅमचा होतो. प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर ठेवावी. वजन कमी भरले तर तुकडा कमी आहे.

डायवाला_रत्नागिरी:
ताई, हिशोब बरोबर आहे, परंतु आपल्या किनाऱ्यावर तो जुलैत टिकत नाही. पुठ्ठा हवेतली ओल ओढतो. ओलीमुळे वजन तीन टक्के वाढले तरी ते सहा ग्रॅम होतात, म्हणजे पंधरा तुकड्यांचे वजन. पंधरा तुकडे गळूनही काटा २०० दाखवू शकेल. शिवाय एका गठ्ठ्यातला पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असतोच. म्हणून ठरावीक आकड्याशी तुलना न करता त्याच संचाची त्याच्याशीच तुलना करावी. डायमधून आलेला ताव अजून अखंड असतो तेव्हा त्यात भोक नाही ना हे डोळ्यांनी पाहावे, त्याचे वजन घ्यावे, उंच काठाच्या परातीत तो मोडावा आणि लगेच रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून तुकड्यांचे वजन पाहावे. मधे काही मिनिटेच गेल्यामुळे ओलीचा फरक उरत नाही. तुकडे बहुधा ताव मोडताना आणि पिशवीत भरतानाच गळतात. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

गणित_शिक्षिका:
पटले. पण कापणीचा भुसा झटकल्यावर जे वजन घटेल, तेही एका तुकड्याच्या जवळपास जाणार नाही का?

डायवाला_रत्नागिरी:
डाय बोथट झाला की तसे होऊ शकते. त्यासाठी भुसा परातीतच राहू द्यावा आणि त्याचेही वजन धरावे.

सावंतवाडी_खेळणी:
आमच्या लाकडी खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती नाही, कारण आम्ही हस्तकला विकास आयुक्तांकडे कारागीर म्हणून नोंदणीकृत आहोत. तुम्हालाही ती लागणार नाही. वय निर्धास्तपणे ८ लिहा.

निर्यात_वेंगुर्ला:
पाचशेहून अधिक तुकड्यांचे कोडे खेळणे धरलेच जात नाही, आणि तुमचे तर ५१३ आहेत.

ग्राहक_कायदा:
दोन्ही उत्तरे या प्रकरणाला पूर्ण लागू होत नाहीत. पाचशेचा उल्लेख युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी-सुरक्षा निर्देशात आहे, आणि तिथेही ते कोडे जाणकारांसाठी असावे अशी अट आहे. कारागिरांना दिलेली सूट नोंदणीकृत कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंपुरती आहे. छापखान्यात डायने कापलेला पुठ्ठा त्यात बसेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. तुम्ही ‘८ वर्षांपुढे’ लिहिता, तेव्हा ही वस्तू चौदाच्या आतल्या मुलांसाठी आहे असे स्वतःच जाहीर करता. मात्र केवळ परवाना टाळण्यासाठी ‘१४ वर्षांपुढे’ लिहून जाहिरातीत शाळकरी मुले दाखवू नका. विक्रीपूर्वी ब्युरोकडे लेखी विचारणा करावी, हे उत्तम.

कोडेप्रेमी_हर्णै:
वेळेबद्दल माझे मत वेगळे आहे. स्पेनमधील वायादोलिदच्या जागतिक स्पर्धेत ५०० तुकडे एकट्याने तासाच्या आत लावणारे स्पर्धक आहेत, पण त्यावरून घरचा वेळ ठरवता येत नाही. चित्राच्या वरच्या सहा ओळी नुसते आभाळ असेल, तर १६२ तुकडे जवळजवळ एका रंगाचे होतात. तिथे रंग उपयोगी पडत नाही, केवळ आकारावरून जुळवावे लागते. ‘४ ते ८ तास, अनेक बैठकांत’ असे लिहावे असे मी सुचवीन.

मालवणी_कोडी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या चित्रात आभाळाच्या सात ओळी आहेत, त्यामुळे वेळ बदलत आहे. खोक्यावर ‘५१३ तुकडे (२७ × १९)’ अशी पट्टी चिकटवू आणि वजनाची पद्धत पुढच्या तावांपासून सुरू करू. वयाचा रकाना ब्युरोचे उत्तर येईपर्यंत रिकामा राहील आणि तोवर विक्री सुरू करणार नाही. एकच शंका उरली: ओलीने पुठ्ठा फुगून तुकडे घट्ट बसू लागले, तर ते माहितीत आधीच नमूद करावे का?