मदत हवी आहे : ४ एकर संत्र्याला सौर पंप ३ एचपी की ५ एचपी? आणि परतफेडीचा काळ नेमका कशाशी तुलना करून काढायचा?

अभि_मोर्शी

नमस्कार मंडळी. मी कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मोर्शी तालुक्यातल्या एका शेतकरी काकांचा बगीचा घेतलाय. ४ एकर संत्रा, १० वर्षांची ४४० झाडं, ६ बाय ६ मीटरवर, आंबिया बहार. प्रत्येक झाडाला ताशी ८ लिटरचे ४ ड्रिपर. ठिबकचे दोन भाग आहेत, २२० झाडांचा एक. पाणी उघड्या विहिरीतून, सध्या डिझेल इंजिनवर. विजेची जोडणी नाही.

माझं गणित असं आहे. मे महिन्यातलं बाष्पीभवन, पीक गुणांक आणि झाडाची सावली धरून झाडामागे रोज १३४ लिटर येतं, म्हणजे एकूण ५९ हजार लिटर. उपसताना पाणी १८ मीटरवर जातं. त्यात ठिबक आणि फिल्टरचा दाब १८ मीटर, नळ्यांचं घर्षण ४ मीटर, असं ४० मीटर शीर्ष धरलं.

५९ × ४० × २.७२५ ÷ १००० = ६.४ युनिट

मोटर, पंप आणि कंट्रोलर मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर पॅनलकडून रोज १४.३ युनिट लागतात. रोजचं ऊन ६ युनिट प्रति चौरस मीटर, आणि उष्णता-धुळीसाठी ०.७५ चा गुणक. उत्तर येतं ३.२ किलोवॅट. ३ एचपीच्या संचात ३ किलोवॅट पॅनल येतात, ५ एचपीत ४.८. शासनाच्या सौर पंप अनुदान योजनेच्या नियमात अडीच ते पाच एकरांना ५ एचपीपर्यंत मिळतो, पण काका म्हणतात, ३ मध्ये भागत असेल तर आपला हिस्सा कमी भरावा लागेल. ०.२ किलोवॅटच्या फरकासाठी ५ एचपी सुचवणं बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे परतफेड. ५ एचपीचं दरपत्रक ३ लाख २० हजारांच्या आसपास आहे. डिझेल रोज ४ लिटर, ९० रुपयांनी. वर्षभराची गरज मेच्या १२० दिवसांइतकी धरली, वर ऑइल-दुरुस्तीचे ५ हजार. वर्षाची बचत साधारण ४८ हजार आणि परतफेड पावणेसात वर्षं. हे मार्गदर्शकांसमोर टिकेल का?

वावरवाला

भाऊ, अर्ज भरला का त्यायनं? माह्या अर्जाले लय दिवस झाले, पैसे भरले, अजून सर्व्हेले कोणी आलं नाही. आमच्याकडं दारव्ह्याकडं कापूस अन् तूर, संत्रा नाही. कंपनी निवडाचा पर्याय कधी येते, थे सांग ना आधी.

अभि_मोर्शी

दादा, अर्जाचं मला खरंच ठाऊक नाही, मी फक्त पंपाचं माप काढतोय. पोर्टलवर लाभार्थी क्रमांक टाकून स्थिती दिसते, तिथे एकदा पाहा.

टाकीवाला_काटोल

एवढा विचार कशाला? ३ एचपी घ्या आणि धुऱ्यावर ४ मीटर उंच टाकी बांधा. मग पंपाला ठिबकचा दाब द्यायचाच नाही, शीर्ष १८ अधिक ४ म्हणजे २२, घर्षण धरून २४. तुमच्याच सूत्रात टाका, २ किलोवॅटच्या आतच भागतं. दिवसभर टाकी भरायची, पाहिजे तेव्हा सोडायचं. आमच्याकडे असंच आहे.

रेवती_सिंचन

टाकीचं गणित पंपापुरतं बरोबर आहे. पण ४ मीटर उंचीच्या टाकीतून ठिबकला ०.४ किलोचाच दाब मिळतो. साध्या ड्रिपरला १ किलो लागतो, आणि गाळ धरलेला फिल्टर त्यातलाही बराचसा खाऊन टाकतो. पहिल्या झाडांना पाणी पडेल, नळीच्या टोकाची कोरडी राहतील. काटोलचे दादा, तुमच्याकडे आळ्यात मोकळं पाणी सोडत असाल तर ते चालतं. अभिच्या शेतात ठिबक आधीच पसरलेलं आहे.

अभि, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू रोजचे एकूण लिटर काढलेस, पण ठिबक दिवसावर चालत नाही, तासावर चालतं. विजेचा पंप सुरू केला की पहिल्या मिनिटापासून पूर्ण दाब असतो. सौर पंप सकाळी हळू फिरतो, दुपारी जोरात, चारनंतर पुन्हा मंदावतो. दाब पुरेसा नसताना जे पाणी जातं ते सगळ्या झाडांना सारखं मिळत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा : एक भाग पूर्ण दाबाने चालायला किती ऊन लागतं, आणि तेवढं ऊन दिवसात किती तास असतं?

एका भागाला २२० × ३२ म्हणजे ताशी ७ हजार लिटर. ते ४० मीटरवर चढवायला पाण्याची शक्ती ७६० वॅट, आणि ४५ टक्क्यांनी पंपाला १.७ किलोवॅट. ३ किलोवॅटच्या पॅनलमधून उष्णता-धूळ वजा जाता भर उन्हातही सव्वादोनच किलोवॅट निघतात, म्हणजे ऊन चौरस मीटरला ७५० वॅटच्या वर हवं. मोर्शीला मेमध्ये तेवढं ऊन साधारण सव्वानऊ ते तीन, पावणेसहा तास. ४.८ किलोवॅटला तेच काम ४७० वॅटवर होतं, म्हणजे सव्वाआठ ते सव्वाचार, आठ तास.

१३४ लिटर द्यायला एका भागाला ४.२ तास लागतात, दोन्ही भागांना ८.४. ५ एचपीत हे जवळपास बसतं. ३ एचपीत ४० हजार लिटरवर थांबतं. रोजच्या गणितात दिसलेला ०.२ किलोवॅटचा फरक शेतात एक तृतीयांश पाण्याचा होतो.

सोलर_फिटर_वर्धा

मॅडमचं बरोबर, पण मग ३ एचपीच्याच पंपाला दोन पॅनल जास्त जोडून द्या ना. पॅनल वाढवले की दाब वाढतो. मी बऱ्याच ठिकाणी हे केलंय.

रेवती_सिंचन

सकाळ-संध्याकाळचे तास वाढतात, हे खरं. दुपारी मात्र मोटर आपल्या ताकदीपलीकडे जात नाही, कंट्रोलर तिथे अडवतो. त्यात पॅनल ओळीत वाढवले तर थंडीतल्या सकाळी व्होल्टेज कंट्रोलरच्या मर्यादेच्या वर जाऊ शकतं. आणि योजनेतल्या संचाला हात लावला की पाच वर्षांच्या मोफत दुरुस्तीवरून वाद होतो. प्रकल्पात हा पर्याय तपासून लिहायला हरकत नाही, काकांना मी सुचवणार नाही.

अभि, कंपनीच्या पत्रकातले रोजचे लिटर वापरू नकोस. ते पॅनलवर ७.१५ युनिट ऊन धरून दिलेले असतात आणि तू ६ धरलं आहेस. तुझं बरोबर आहे, तेच ठेव.

विहीरमोजे

तुम्ही सगळे पंपाचं बोलताय. विहीर मेमध्ये ५९ हजार लिटर देते का? कोणी पाहिलं? वरूड-मोर्शीकडे पाण्याची पातळी काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. अभि, काकांना एवढंच विचार : मेमध्ये इंजिन किती तास चालल्यावर हवा ओढतं, आणि विहीर पुन्हा कधी भरते?

अभि_मोर्शी

विचारून आलो. मेमध्ये तीन तासांत पाणी फुटवालपर्यंत उतरतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढंच असतं. इंजिनचा प्रवाह आम्ही २०० लिटरचा ड्रम लावून पाहिला. ४८ सेकंदांत भरला.

विहीरमोजे

म्हणजे ताशी १५ हजार, तीन तासांत ४५ हजार. मेमधली विहिरीची आवक तीच. ५९ हजार कागदावरच राहणार. झाडामागे १०० लिटरच्या आसपास मिळतंय आणि बगीचा त्यावर तगलाय.

मग डिझेलही रोज ४ लिटर जळत नाही, ३ जळतं. विहीर जे पाणी देतच नाही त्याचं डिझेल बचतीत धरता येत नाही. १२० × ३ × ९० म्हणजे ३२,४००, अधिक ५ हजार. बचत ३७,४०० आणि ३ लाख २० हजारांची परतफेड साडेआठ वर्षांच्या पुढे. वर्षभराचे १२० दिवस कुठून आले, तेही मार्गदर्शक विचारतील. महिन्यावार तक्ता जोडा.

टाकीवाला_काटोल

आणि काकांच्या खिशातून तर १० टक्केच जाणार ना? ३२ हजार. एका हंगामात वसूल. साडेआठ वर्षं सांगून त्यांना घाबरवू नका.

रेवती_सिंचन

दोन्ही आकडे लिही, पण वेगळे. ३२ हजारांवरची परतफेड काकांची, १० महिन्यांच्या आसपास. ३ लाख २० हजारांवरची परतफेड अनुदान धरून सगळ्यांच्या पैशांची. एकच आकडा दिलास तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

तिसरी तुलना विजेशी. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे. काकांकडे जोडणी असती तर वाचणारं बिल शून्य आणि परतफेडीचं सूत्रच चाललं नसतं. तेव्हा फायदा मोजावा लागतो तो रात्रीच्या लाईनीचा, म्हणजे रात्री बगीच्यात जाणं टळतं त्याचा. तो रुपयांत कसा मांडायचा यावर माझं अजून समाधान झालेलं नाही.

वावरवाला

रात्री ओलिताले गेलं का साप-विंचू पायाखाली येते, त्याचे पैसे कोण लावते भाऊ. आमी त्याच्यासाठीच अर्ज केला, बिलासाठी नाही.

अभि_मोर्शी

दादा, हे मी प्रकल्पात तुमच्या शब्दांत लिहीन.

रेवतीताई, आता विहीर ४५ हजारच देते म्हटल्यावर ३ एचपीचे ४० हजार आणि गरज यात ५ हजारांचाच फरक उरला. मग ३ एचपी पुरेसा नाही का?

रेवती_सिंचन

मी ५ च घेईन. वळवाचे ढग आले किंवा पॅनलवर धूळ बसली की ३ एचपीचे ४० हजार ३० वर येतात, आणि ते नेमके फळ वाढायच्या दिवसांत. ५ एचपी साडेसहा तासांत ४५ हजार देऊन मोकळा होईल. पण पाणी संपल्यावर मोटर बंद करणारा ड्राय रन सेन्सर चालू आहे का, ते बसवतानाच पाणी उतरवून तपासून घ्या.

विहीरमोजे

माझं मत ३. मोठा पंप विहीर लवकर रिकामी करतो, आवक वाढवत नाही. हळू उपसलं तर उपसतानाच झरे सुरू राहतात आणि पातळी १८ वर न जाता १५-१६ वर राहू शकते. मग शीर्ष कमी, आणि रेवतीताईंचा ७५० वॅटचा आकडाही खाली येतो.

रेवती_सिंचन

१८ चं १६ झालं तर ४० चं ३८ होतं, ७५० चे ७१५ वॅट. मिळून अर्धा तास वाढेल, म्हणजे साडेतीन हजार लिटर. तरी ४५ ला टेकत नाही. पण हळू उपशाने आवकच वाढली तर माझं गणित बदलेल, ते मान्य.

अभि_मोर्शी

इंजिन अर्ध्या वेगावर सहा तास चालवून दर तासाला दोरीने पातळी घ्यायला काका तयार आहेत. आता जानेवारी आहे, बगीचा ताणावर आहे, त्यामुळे पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न आहे. शेजारच्या हरभऱ्यात सोडता येईल. पण जानेवारीच्या आवकेवरून मेची आवक कशी धरायची? विहीर काळ्या खडकातली आहे, १९ मीटर खोल, ६ मीटर व्यासाची.

विहीरमोजे

जानेवारीत वरचे झरे चालू असतात, मेमध्ये तळाचेच उरतात. म्हणून वरून उपसून उपयोग नाही. पाणी मेच्या पातळीपर्यंत खाली न्या, मग थांबा आणि पहिल्या दोन तासांत किती चढतं ते घ्या. तुमच्या व्यासाला १० सेंटीमीटर म्हणजे २,८०० लिटर. वरचे झरे भिंतीवरून पडताना दिसतात, ते वेगळे धरावे लागतील. ते कसे मोजायचे, हे इथे कोणी केलं असेल तर लिहा. मला अंदाजाच्या पुढे जाता आलेलं नाही.