घरामागची भेग उन्हाळ्याची की उताराची?

"आम्ही इंदूरला, आई-बाबा महाडजवळ गावी. घरामागच्या उतारावर लांब भेग दिसतेय म्हणतात. उन्हानं पडली असेल ना?"

ताई, आपल्या माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात जाळीसारखी तडकते आणि दोन पावसांत मिटते. तुमची भेग उताराला आडवी, कमानीसारखी असेल आणि पावसात मिटण्याऐवजी रुंदावत असेल, तर माती खाली सरकू लागली आहे असं समजा. खालची कड वरच्या कडेपेक्षा खचलेली असली तर शंकाच नको. अशा भेगेत पाणी भरलं की ते माती आतून ढकलतं.

बाबांना उघडीप असताना भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकायला सांगा. सकाळ-संध्याकाळ टेपनं अंतर मोजून वहीत लिहायचं. (मुसळधार पावसात किंवा रात्री मात्र मोजायला जायचं नाही.) अंतर वाढलं, दारं चौकटीत अडकू लागली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, तर त्याच दिवशी घर सोडायचं. सरकायला लागलेला उतार पाऊस थांबल्यावरही कोसळतो. आणि अंतर वाढलं नाही म्हणजे धोका टळला असंही नाही; काही दरडी भेग न दाखवता येतात. तळीये गावावर दरड कोसळली ती महाड तालुक्यातच, २२ जुलै २०२१ ला. तलाठ्यांना आजच कळवा.