मदत हवी आहे: ॲपमध्ये कसारा थांबा दिसतो, पण तिकीट निघत नाही

खर्डीकर: आईला शनिवारी जळगावला पाठवायचंय. ॲपमध्ये गाडीच्या वेळापत्रकात कसारा दिसतंय, पण आरक्षणात 'कुठून' मध्ये कसारा टाकलं की ती गाडी येतच नाही. काय करू? लवकर सांगा.

सह्यवेडा: गाडी नंबर? स्लीपर की जनरल?

पाथर्डीफाटा: कसारा स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्सी मिळतात. रेल्वेच्या नादी कशाला लागता?

खर्डीकर: जळगाव म्हटलंय, नाशिक नाही. स्लीपर. नंबर घरी लिहून ठेवलाय.

जुना_गार्ड: नंबर राहू द्या. परतीच्या गाडीत कसारा दिसतं का, ते बघा.

खर्डीकर: नाही. इगतपुरीनंतर थेट कल्याण.

जुना_गार्ड: मग तो बँकरचा थांबा आहे. कसारा ते इगतपुरी चढ ३७ ला १ आहे. गाडीचं एक इंजिन तिथे पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला काढतात. उतरताना ती लागत नाहीत, म्हणून परतीला थांबा नाही. प्रवाशांसाठी जाहीर केलेल्या थांब्यावर गाडी छापील वेळेआधी सुटत नाही. इथे तसं बंधन नाही. बँकर लागला, ब्रेकची तपासणी झाली, सिग्नल मिळाला की निघाली. गाडी फलाटालाच लागेल याचाही भरवसा नाही. आरक्षणाच्या यादीत हा थांबा नसतो, म्हणून तिकीट निघत नाही.

सह्यवेडा: कल्याणपासून तिकीट काढा आणि कसाऱ्याला चढा. मी चढलोय, कोणी विचारलं नाही.

जुना_गार्ड: तुम्ही चढलात, पण त्यांच्या आईचं काय? कल्याणला प्रवासी आला नाही म्हणून टीटीईने बर्थ आरएसीवाल्याला दिला, तर भांडायला जागा नाही. आणि बोर्डिंग बदलून कसारा करता येत नाही, यादीतलंच स्टेशन घ्यावं लागतं.

रत्नागिरी_लाईन: आमच्याकडे एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाडी अर्धा अर्धा तास उभी असते. तेवढ्यात माणसं चढू दिली तर काय बिघडेल? सगळीकडे हाच अन्याय.

जुना_गार्ड: क्रॉसिंग कुठे होईल ते त्या दिवशीच्या उशिरावर ठरतं. आज इथे, उद्या पुढच्या स्टेशनावर. त्यावर तिकीट कसं विकणार?

रत्नागिरी_लाईन: पण कसाऱ्याला तर रोजच थांबते ना? मग तिथे तरी द्या.

सह्यवेडा: हे मात्र पटलं. राजधानीला पुढेमागे इंजिनं लावून बँकरचा थांबा वाचवतात, बाकीच्या बहुतेक थांबतातच.

जुना_गार्ड: उद्या या गाडीलाही पुढेमागे इंजिनं लावली, तर तो थांबाच जाईल. प्रवाशांना एकदा दिलेला थांबा काढणं सोपं नसतं.

रत्नागिरी_लाईन: म्हणून आत्ताही द्यायचा नाही?

खर्डीकर: वाद नंतर. कल्याण की इगतपुरी, एवढं सांगा.

जुना_गार्ड: रात्रीची गाडी असेल तर कल्याण. लोकलने बसूनच जाता येईल, अंधारात घाटरस्ता नको. तिकीट आणि बोर्डिंग दोन्ही कल्याणच ठेवा.

पाथर्डीफाटा: इगतपुरीलाही टॅक्सी मिळते.